मूकपटातली माणसे इतकी घाईत का असतात?



या महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी साडेपाच वाजता, आपल्या नेहमीच्या सभागृहात, दादासाहेब फाळके यांच्या दोन मूकपटांचा खेळ ठेवला आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी दोन रिळे आज उपलब्ध आहेत ती, आणि त्यानंतर ‘कालिया मर्दन’. मग चहा आणि चर्चा. एवढेच कळवायचे असते तर चार ओळी पुरल्या असत्या. पण मूकपटांची ही मासिक मालिका सुरू झाल्यापासून एक प्रश्न दर खेळानंतर या ना त्या रूपात येतो. मागच्या वेळी आपल्या एका ज्येष्ठ सभासद काकूंनी तो अगदी रोखठोक विचारला. “अहो चिटणीस, ही माणसं अशी तुरुतुरु का पळतात? काय गाडी सुटत होती का त्यांची?” सभागृह हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या वेळचा सगळा खेळच त्याच्या उत्तरावर बेतला आहे, म्हणून हे पत्र जरा लांबले आहे.

उत्तर थोडक्यात असे, की घाई त्या माणसांना नव्हती. त्यांना पळवले ते नंतरच्या यंत्रांनी.

हँडल आणि हात

मूकपटाच्या काळातला कॅमेरा हाताने चालायचा. बाजूला एक हँडल असे. ते एकदा पूर्ण फिरवले, की फिल्मच्या आठ चौकटी पुढे सरकत. सेकंदाला दोन फेरे मारले की सोळा चौकटी. हा त्या काळच्या छायाचित्रकाराचा पाया होता. तो मनातल्या मनात ताल धरून हँडल फिरवत राही आणि सरावाने त्याचा हात बऱ्यापैकी स्थिर पडे. फाळके १९१२ साली लंडनहून विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले, तो याच जातीचा. ‘राजा हरिश्चंद्र’चे चित्रण करणाऱ्या त्र्यंबक तेलंगांना त्यांनी स्वतः हे काम शिकवले.

हात म्हटला की कमीजास्त होणारच. ढग आले, उजेड उतरला, तर छायाचित्रकार हँडल थोडे सावकाश फिरवी. त्यामुळे प्रत्येक चौकटीला उजेड जास्त वेळ मिळे आणि चित्र काळे पडत नसे. उलट मारामारीचा किंवा पाठलागाचा प्रसंग असेल तर काही जण मुद्दाम हात आवरता घेत. तेवढ्याच वेळात चौकटी कमी पडत आणि पडद्यावर तो प्रसंग अधिक चपळ दिसे. म्हणजे एकाच चित्रपटात एका दृश्याचा वेग सोळा, दुसऱ्याचा अठरा, तिसऱ्याचा चौदा असू शकतो. हे डोक्यात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

थिएटरातला प्रोजेक्टरही सुरुवातीला हातानेच चाले. पुढे त्याला विजेची मोटर आली तरी वेग कमीजास्त करण्याची सोय राहिलीच. चालवणारा माणूस प्रसंग बघून वेग सांभाळी. मालकाला एका दिवसात जास्त खेळ बसवायचे असले की वेग वाढे, हेही खरे. तरी वेग ठरवणारे कोणीतरी माणूस होते.

मग बोलपट आला. आपल्याकडे ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. अमेरिकेत हा बदल चार-पाच वर्षे आधी सुरू झाला होता. आवाज आल्याबरोबर वेगाची मुभा संपली. चित्र थोडे हळू-जलद झाले तर डोळा ते चालवून घेतो, पण आवाज जरा जलद झाला की पुरुषाचा आवाज किनरा होतो आणि गाणे बेसूर. कान हे खपवून घेत नाही. म्हणून सगळ्या जगाने एक वेग पक्का केला, सेकंदाला चोवीस चौकटी. नवे प्रोजेक्टर त्याच वेगाला बांधले गेले. पुढे कोणी जुना मूकपट बाहेर काढून या प्रोजेक्टरवर चढवला, की सोळाने टिपलेली माणसे चोवीसने पळू लागत. ३३ची तबकडी ४५वर लावावी, तसा हा प्रकार. दूरदर्शनवर आणि माहितीपटांतून आपण मूकपटांचे जे तुकडे लहानपणापासून पाहिले, ते बहुतेक असेच पळवलेले. त्यातून आपली समजूत अशी झाली की जुनी माणसे अभिनय म्हणजे हातवारे समजत आणि त्यांना नीट चालताही येत नसे.

‘राजा हरिश्चंद्र’ किती मिनिटांचा?

याचा हिशेब घालून पाहण्यासारखा आहे, कारण तो घरी कागदावर करता येतो. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चौकटी बसतात. म्हणजे सेकंदाला सोळा चौकटींच्या वेगाने एका सेकंदाला बरोबर एक फूट फिल्म जाते, मिनिटाला ६० फूट. चोवीसच्या वेगाने मिनिटाला ९० फूट.

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता. लांबी सुमारे ३,७०० फूट. अनेक ठिकाणी तुम्ही वाचले असेल की हा चित्रपट चाळीस मिनिटांचा होता. आता भागाकार करा. ३,७०० भागिले ९० म्हणजे ४१ मिनिटे. चाळीस मिनिटांचा आकडा चोवीसच्या वेगाचा हिशेब आहे, आणि तो वेग १९१३ साली रूढ झालेलाच नव्हता. सोळाच्या वेगाने धरले तर तेच ३,७०० फूट एक तास आणि वर दीड-पावणेदोन मिनिटे चालतात. वीस मिनिटांचा फरक पडतो. फिल्मचा एक फूटही न कापता चित्रपटाचा तिसरा हिस्सा गायब होतो, आणि तो गायब होतो प्रत्येक दृश्यातून थोडाथोडा. दोन पात्रे एकमेकांकडे बघून थांबतात तो क्षण, आशीर्वादासाठी उचललेला हात, मान खाली घालून उभे राहणे, या साऱ्यातून.

आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात या चित्रपटाचे पहिले आणि शेवटचे रीळ आहे, मिळून साधारण १,४७५ फूट. फाळक्यांनी १९१७ साली हीच कथा पुन्हा चित्रित केली होती आणि उरलेली रिळे त्या दुसऱ्या आवृत्तीतली असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ती चर्चा आपण चहाच्या वेळी करू. वेगापुरते बोलायचे तर ही दोन रिळे चोवीसने सोळा मिनिटांत संपतात आणि सोळाने साडेचोवीस मिनिटे पुरतात. आपण रविवारी घड्याळ लावून बसणार आहोत.

योग्य वेग ओळखायचा कसा?

चित्रपटाच्या डब्यावर वेग लिहिलेला नसतो. असला तरी छायाचित्रकाराचा हात बदलता असतो. मग ठरवायचे कशावरून? माणसाच्या चालण्यावरून अंदाज येतो, पण ती खूण फसवी आहे. नट मुद्दाम झपझप किंवा डौलात चालू शकतो. त्यापेक्षा जे नटाच्या हातात नाही ते बघावे. कारंज्याचे पाणी, धूर, वाऱ्यावर उडणारे वस्त्र, वर फेकलेली वस्तू, घोड्याची चाल. पाणी कोणाचेही ऐकत नाही. ते जेवढ्या वेगाने खाली यायचे तेवढ्याच वेगाने येते.

‘राजा हरिश्चंद्र’मध्ये याची सुरेख सोय आहे. पहिल्या रिळात तारामती आणि तिच्या दासी पाण्याच्या हौदात आहेत आणि पाणी उडते आहे. या सगळ्या ‘बायका’ म्हणजे पुरुष नट. त्या काळी चित्रपटात काम करायला स्त्रिया तयार नव्हत्या, म्हणून तारामतीही अण्णा साळुंकेच. ओल्या साड्यांतले हे पुरुष बघून आपल्याकडे नेहमी खसखस पिकते. रविवारी त्यांच्याकडे बघू नका, पाण्याकडे बघा. चोवीसच्या वेगात तेच पाणी जाड आणि झटकन खाली येणारे वाटते, अंगावर फेकल्यासारखे. वेग उतरवत आणला की एका टप्प्यावर ते पाण्यासारखे पडायला लागते. त्याच्याही खाली गेलो की थेंब रेंगाळतात. मधला टप्पा तो आपला. पाण्याचा वेग जुळला की माणसेही आपोआप माणसांसारखी हलू लागतात.

दुसरी खूण पाट्यांची. मूकपटात संवाद आणि निवेदन पाटीवर लिहून दाखवत. उरलेल्या रिळांत त्या हिंदी आणि इंग्रजीत आहेत. समजा एखादी पाटी दहा फुटांची आहे. सोळाच्या वेगाने ती दहा सेकंद दिसेल, चोवीसने पावणेसात सेकंदही नाही. पाटी काढणाऱ्याने ती सावकाश वाचणाऱ्यासाठी ठेवलेली असते. आपल्याला ती अर्धवट वाचून सोडावी लागत असेल, तर वेग जास्त असण्याची शक्यता मोठी. उलट तीनतीनदा वाचूनही पाटी हलत नसेल तर वेग कमी आहे, किंवा मूळ फिल्ममध्ये पाटी नंतर कोणी तरी घातली आहे.

लॅपटॉपवरून दाखवताना

आपल्या मंडळाकडे फिल्मचा प्रोजेक्टर नाही, आपण फाइल दाखवतो. घरी मूकपट बघणारे बहुतेक सभासदही तेच करतात, म्हणून ही बाजू जरा तपशिलाने सांगतो.

फाइल दोन तऱ्हेची असू शकते. पहिल्या तऱ्हेत फिल्मची प्रत्येक चौकट एकेकदाच घेतलेली असते आणि फाइल चोवीसने चालते. ही ‘पळवलेली’ प्रत. दुसऱ्या तऱ्हेत कोणी तरी आधीच दुरुस्ती केलेली असते. सोळाचे चोवीस करायचे, तर प्रत्येक दुसरी चौकट दोनदा दाखवतात. एक, दोन, दोन. तीन, चार, चार. अठराचे चोवीस करायचे तर प्रत्येक तिसरी चौकट दोनदा. चाल योग्य दिसते, पण कॅमेरा आडवा फिरताना किंवा कोणी पडदाभर धावत जाताना बारीक हिसके जाणवतात. ते त्या दुप्पट चौकटींचे.

आपली प्रत कोणत्या तऱ्हेची हे तपासायला फार यंत्रणा लागत नाही. VLC प्लेअरमध्ये चित्रपट थांबवून कीबोर्डवर `E` दाबत राहिले की एकेक चौकट पुढे जाते. एखादा हलणारा हात धरा आणि बघा. प्रत्येक वेळी हात सरकत असेल तर प्रत पळवलेली आहे. ठरावीक अंतराने हात जागच्या जागी राहत असेल तर तिची दुरुस्ती झालेली आहे. पहिल्या तऱ्हेच्या प्रतीचा वेग ०.६७ केला की चोवीसचे सोळा होतात, ०.७५ केला की अठरा. दुरुस्त झालेल्या प्रतीला मात्र हात लावू नये. तिचा वेग आणखी उतरवला तर राजा हरिश्चंद्र शिकारीला नव्हे, झोपेत चालायला निघाल्यासारखा दिसतो. असले संथ मूकपट बघून ‘फारच रटाळ बुवा’ म्हणणारेही भेटतात. तो दोषही बऱ्याचदा फाळक्यांचा नसतो.

आणखी एक. फाइलवर जे संगीत चढवलेले असते ते तिच्या मूळ वेगाला धरून असते. वेग बदलला की ते संगीत बिघडते किंवा दृश्यापासून सुटते. म्हणून आपण ते बंद ठेवणार आहोत. त्या काळीही चित्रपट गप्प नसे. पडद्यापाशी पेटी-तबल्याची साथ असे आणि वाचता न येणाऱ्यांसाठी पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस असे. आपले दोन सभासद पेटी आणि तबला घेऊन बसणार आहेत. त्यांना एकच विनंती केली आहे. पडद्यावरच्या पायांचा ताल धरू नका, प्रसंगाचा धरा. तारामतीवर खुनाचा आळ येतो आणि तिला मारण्याची आज्ञा खुद्द हरिश्चंद्रालाच होते, तिथे पाय काहीही करोत, पेटी सावकाशच हवी.

मग सगळेच सोळाने दाखवायचे का?

कार्यकारिणीच्या बैठकीत हा मुद्दा निघाला आणि त्यावर वादही झाला. आमचे एक सहकारी म्हणाले, “मग चॅप्लिन आणि कीटनलाही हळू करणार का? सगळी गंमत जाईल.” त्यांचे बरोबर आहे. विनोदी मूकपटांत छायाचित्रकार मुद्दाम हँडल सावकाश फिरवी, कारण पडद्यावर ते जलद दिसणार हे त्याला आणि दिग्दर्शकाला ठाऊक होते. तिथे घाई हा विनोदाचा भाग आहे. ती ‘दुरुस्त’ केली तर विनोदच मरतो.

मूकपटांचे इतिहासकार केव्हिन ब्राऊनलो यांनी १९८० साली याच प्रश्नावर एक महत्त्वाचा लेख लिहिला. चित्रण झाले त्याच वेगाने चित्रपट थिएटरात दाखवला जाई, असे गृहीत धरता येत नाही, हा त्याचा गाभा. बऱ्याचदा दाखवण्याचा वेग थोडा चढाच असे, आणि १९२०च्या दशकात तो आणखी चढत गेला. म्हणजे ‘नैसर्गिक’ दिसणारा वेग हाच त्या काळच्या प्रेक्षकाने पाहिलेला वेग, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. सोळाचा आकडा ही सुरुवात आहे, निकाल नाही. अठरा लावल्यावर हौदातले पाणी किंचित जड झाले, पण गर्दीचा प्रसंग जिवंत झाला, तर अठरा योग्य म्हणणारा चूक ठरत नाही.

म्हणूनच ‘कालिया मर्दन’ निवडला. १९१९ सालच्या या चित्रपटात बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने केली आहे. फाळक्यांच्या उरलेल्या चित्रपटांपैकी हा सर्वांत सलग बघता येणारा. त्याच्या सुरुवातीलाच एक अजब गोष्ट आहे. कथा सुरू होण्याआधी पडद्यावर फक्त मंदाकिनीचा चेहरा येतो आणि ती छोटी मुलगी एकापाठोपाठ एक भाव करून दाखवते. जणू बाप प्रेक्षकांना सांगतो आहे, ही माझी नटी, हिचे काम बघून घ्या. हे दृश्य चोवीसने बघितले तर भाव उमटण्याआधीच पुसला जातो, आणि मुलगी चेहरे वेडेवाकडे करते आहे असे वाटते. वेग उतरवला की दोन भावांच्या मधली जागा दिसू लागते. एक भाव ओसरतो, चेहरा क्षणभर कोरा होतो, मग दुसरा भरून येतो. अभिनय तिथे आहे, त्या मधल्या जागेत. तो आधी दिसतच नव्हता.

पण याच चित्रपटात पुढे कालियाशी पाण्याखालची झुंज आहे आणि यमुनेच्या काठी कासावीस झालेली गर्दी आहे. मंदाकिनीच्या चेहऱ्याला जो वेग मानवतो तोच या झुंजीला मानवेल का? मला शंका आहे. चर्चेचा खरा विषय हा आहे.

रविवारचा कार्यक्रम

साडेपाचला ‘राजा हरिश्चंद्र’चा हौदाचा प्रसंग तीनदा दाखवू. आधी चोवीसने, मग अठराने, मग सोळाने. वेग आधी सांगणार नाही. प्रत्येकाने कागदावर आपल्याला पटलेला खेळ लिहून ठेवायचा, पहिला, दुसरा की तिसरा. ज्या वेगाला जास्त मते पडतील त्याच वेगाने दोन्ही रिळे सलग बघू. मध्यंतरानंतर ‘कालिया मर्दन’. त्यात सुरुवातीचा चेहऱ्यांचा भाग आणि शेवटची झुंज वेगवेगळ्या वेगाने दाखवायची का, हे मध्यंतरातच हात वर करून ठरवू. जुन्या थिएटरात हे काम प्रोजेक्टरवरचा एकटा माणूस करी. आपण ते सत्तर जणांनी करू.

एका गोष्टीची मात्र सवय करून घ्या. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतील. मूकपटाची चौकट जवळजवळ चौकोनी असते, आजच्या पडद्यासारखी लांबट नाही. पट्टे घालवण्यासाठी चित्र ताणले की माणसे बुटकी होतात, आणि वरून-खालून छाटले की डोकी जातात. मागच्या खेळाला काही जणांनी ‘पडदा भरा’ असा आग्रह धरला होता. या वेळी तो मानला जाणार नाही.

सभासदांना प्रवेश नेहमीप्रमाणे विनामूल्य. सोबत एक पाहुणा आणायला हरकत नाही. शाळकरी मुले जरूर आणा, त्यांच्या वयाची नटी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चिटणीस

ता. क. पाट्या मोठ्याने वाचायला दोन माणसे हवी आहेत, एक हिंदीसाठी आणि एक मराठीत अर्थ सांगायला. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचला पाहिजे, आणि पाटी गेल्यावर बोलत राहायचे नाही. इच्छुकांनी शुक्रवारी संध्याकाळी तालमीला यावे.